सासऱ्यांच्या चिठ्ठीतले ‘४॥।’ म्हणजे किती वाजले?

*आमची ठाणे पूर्वेला, कोपरीत पिठाची गिरणी आहे. जूनपासून वेळ बदलायची म्हणून सासऱ्यांनी जुन्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलने मजकूर खरडला, त्याचा फोटो मला पाठवला आणि ते गावी गेले. फोनवर भेटतात. फोटोत मला वाचता येते ते असे:*

*सुचना*
*सर्व ग्राहकास कळविनेत येते की १ जून रवि पासुन गिरणी ची वेळ बदली आहे*
*स ८॥ ते १॥*
*सं ४॥। ते ८॥*
*दळण अर्धा तास आधी*
*रवि दु बंद*
*मसाला फक्त मं शु*
*हुकूमावरून*

*आकड्यांपुढच्या उभ्या रेघा म्हणजे खाडाखोड असावी असे समजून मी ‘सकाळी ८ ते १, सायंकाळी ४ ते ८’ असे टाइप केले आहे. ते बरोबर आहे का? आणि नीट मराठीत, पावसात टिकेल अशी सूचना कशी तयार करू?*

*— एक वाचक, कोपरी, ठाणे (पू.)*

ताई, टाइप केलेला तो कागद अजून छापू नका. त्यातल्या चारही वेळा चुकल्या आहेत. तीन वेळा अर्ध्या तासाने आणि एक पाऊण तासाने. त्या उभ्या रेघा खाडाखोड नाहीत, तो हिशेबाचा जुना आकडा आहे.

रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा वहीत पाव रुपया, म्हणजे चार आणे, एका उभ्या रेघेने लिहीत. दोन रेघा म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा आणे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि वह्यांमधून आणे हळूहळू गेले, पण पाव, अर्धा आणि पाऊण लिहिण्याची ही खूण जुन्या दुकानदारांच्या हातात राहिली. वजन लिहिताना ती वापरतात, तशीच वेळ लिहितानाही. ‘८।’ म्हणजे सव्वाआठ, ‘८॥’ म्हणजे साडेआठ आणि ‘८॥।’ म्हणजे आठावर पाऊण, अर्थात पावणेनऊ. ‘१॥’ म्हणजे दीड, ‘२॥’ म्हणजे अडीच.

म्हणून सासऱ्यांची पहिली ओळ सकाळी साडेआठ ते दुपारी दीड अशी आहे. दुसऱ्या ओळीत ‘८॥’ पुन्हा साडेआठच, फक्त रात्रीचे. राहिले ‘४॥।’. ते पावणेपाच आहे, घड्याळात चार वाजून पंचेचाळीस मिनिटे. इथे नवशिका माणूस दोन ठिकाणी घसरतो. एक तर तिसरी रेघ पूर्णविराम समजून साडेचार वाचतो. पण आपण मराठीत वाक्याच्या शेवटी टिंब देतो, उभा दंड नाही, आणि इथे तर त्या रेघेनंतर लगेच ‘ते’ आले आहे. ओळीच्या मध्ये पूर्णविराम कशाला येईल? म्हणून ती रेघ आकड्याचीच. दुसरी घसरण उलट्या बाजूची आहे. कानाने ‘पावणेपाच’ ऐकले की हात आपसूक ५.४५ टाइप करतो, कारण शब्दात पाच येते. पावणे म्हणजे पुढच्या आकड्याला पाव कमी. लिहिताना मागचा आकडा आणि पंचेचाळीस.

तरीही फोटोवरून मी जे वाचले ते शेवटचे मानू नका. खरडलेल्या देवनागरी आकड्यांत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, कारण फरक फक्त गाठीच्या बाजूचा असतो. घाईत काढलेला ४ वरून मिटला की ५ वाटतो. तुमच्या चिठ्ठीत ‘१॥’ हे ‘९॥’ नसणार, एवढे डोके लावून सांगता येते, कारण साडेआठला उघडून साडेनऊला कोणी गिरणी बंद करत नाही. ‘४॥।’ मात्र ‘५॥।’ असू शकते. पावणेसहाला गिरणी उघडणे अशक्य नाही, आणि ताडून पाहायला कागदावर दुसरा ४ कुठे नाही. हे विचारूनच घ्यायला हवे.

फोटोत आणखी एक गोष्ट हरवते ती म्हणजे टिंब. ‘स’ म्हणजे सकाळी आणि ‘सं’ म्हणजे संध्याकाळी, दोघांत फरक एका अनुस्वाराचा. पेन्सिलचे पुसट टिंब मेसेजमधून आलेल्या फोटोत सहज पुसले जाते, कारण पाठवताना फोटो बारीक केला जातो. उलट गिरणीतल्या कागदावर मिरचीचा कण पडला तर नसलेला अनुस्वारही उगवतो. ‘मं शु’मध्ये ‘शु’ खरोखर शुक्रवारच आहे की ‘गु’, गुरुवार, हेही खरडीत नीट कळत नाही, कारण दोन्ही अक्षरांचा डावा भाग पिळलेला आणि उजवीकडे काना असतो. मूळ कागद घरात असेल तर शोधा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, कागद सपाट ठेवून आणि फोन बरोबर वरून धरून पुन्हा फोटो काढा. बिलाच्या छापील बाजूची अक्षरे पलीकडून डोकावत असतील तर कागदाखाली काळा पुठ्ठा ठेवा, त्यांचा आगाऊपणा बराच कमी होतो. कागद सासऱ्यांबरोबर गावी गेला असेल तर त्यांना तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो बारीक न होता जसाच्या तसा येतो. फोटो उजळताना काळे-पांढरे गडद करण्याचा पर्याय जपून वापरा. अक्षरे ठळक होतात, पण पुसट टिंबे त्यातच जातात.

आता सासऱ्यांना फोन. ‘साडेचार की पावणेपाच?’ असे विचारू नका. असे विचारले की माणूस ऐकलेल्या दोनांपैकी एकाला ‘हो’ म्हणून टाकतो. ‘संध्याकाळी गिरणी किती वाजता उघडायची?’ एवढेच विचारा, त्यांच्या तोंडून वेळ येऊ द्या आणि मग ‘म्हणजे चार पंचेचाळीस ना?’ असे घड्याळाच्या आकड्यात परत म्हणून दाखवा. चारही वेळांचे असेच करा.

पुढचा प्रश्न तारखेचा. चिठ्ठीत ‘१ जून रवि पासुन’ आहे आणि यंदा, २०२६ मध्ये, १ जून सोमवारी येतो. रविवार आहे ३१ मे. गेल्या वर्षी १ जून रविवारी होता, तेव्हा भिंतीवरचे जुने कॅलेंडर पाहून लिहिले गेले असण्याची शक्यता बरीच आहे. तारीख खरी की वार खरा, हे फक्त तेच सांगू शकतात. सूचनेत तारीख आणि वार दोन्ही द्यावेत असे माझे ठाम मत आहे, कारण गिऱ्हाईक वार लक्षात ठेवते. पण दोन्ही दिले की ते जुळलेच पाहिजेत. न जुळणारी जोडी असली की अर्धे लोक रविवारी येतात, अर्धे सोमवारी, आणि दोघांकडेही तुमचाच कागद पुरावा म्हणून असतो.

तिसरा प्रश्न ‘रवि दु बंद’. याचे तीन अर्थ होतात: रविवारी दुपारनंतर बंद, रविवारी फक्त दुपारच्या सुट्टीत, दीड ते पावणेपाच बंद, किंवा रविवार पूर्ण बंद आणि इतर दिवशी दुपारी बंद. दुसऱ्या अर्थाची गरजच नाही, कारण दुपारची सुट्टी रोजचीच आहे आणि वेळेच्या ओळींतून ती कळते. म्हणून रविवारी सकाळचीच पाळी, दीडनंतर बंद, हा अर्थ मला सर्वांत जवळचा वाटतो आणि खालचा नमुना मी तसाच केला आहे. सासऱ्यांचे उत्तर वेगळे आले तर ती एक ओळ बदला. आणि त्याच फोनवर ‘शु’ की ‘गु’ हेही विचारून टाका. मसाल्याचा दिवस चुकला तर माणूस भाजलेल्या मिरच्या घेऊन परत जातो, आणि पावसाळी हवेत त्या दोन दिवसांत सादळतात.

एवढे पक्के झाले की लिहायला घ्या. तुमच्या मूळ मजकुरात सगळ्यात वर ‘सुचना’ आहे. तिला दीर्घ करून ‘सूचना’ करणे सोपे, पण मी ती काढूनच टाकीन. रस्त्यावरच्या प्रत्येक कागदावर सूचना लिहिलेले असते, सोसायटीच्या फळ्यापासून लिफ्टपर्यंत, त्यामुळे डोळा त्या शब्दावर थांबत नाही. मथळ्यानेच बातमी सांगावी: ‘गिरणीच्या वेळेत बदल’. ‘सर्व ग्राहकांस कळविण्यात येते की’ हे सरकारी पत्राचे वळण आहे. पिशवी खांद्याला लावून उभ्या असलेल्या बाईला ते ओलांडून वेळेपर्यंत पोहोचावे लागते. ‘हुकूमावरून’ही नको. त्या जागी गिरणीचे नाव आणि फोन द्या, कागद कोणाचा हे त्यानेच कळते.

जुनी वेळ सूचनेत अजिबात देऊ नका. ‘आधी ९ ते १ होती, आता ८.३० ते १.३०’ असे लिहिले की घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात कोणतीही एक वेळ बसते, आणि बहुतेकदा पहिली. बदलाचे कारणही सासऱ्यांनी दिलेले नाही, तेव्हा तुम्ही आपल्या मनाने घालू नका.

‘दळण अर्धा तास आधी’ ही ओळ चिठ्ठीतली सर्वांत कामाची आहे, पण तशीच ठेवली तर गिऱ्हाइकाला वजाबाकी करायला लावते. आणि अर्धा तास कशाच्या आधी? दुपारच्या बंदच्या आधी, की रात्रीच्या? दोन्हींच्या. मग घड्याळाची वेळच द्या. दीडला गिरणी बंद, तर दळण एकपर्यंत. साडेआठला बंद, तर आठपर्यंत. गिरणीवर भांडण होते ते याच अर्ध्या तासावर. शटर अर्धे वर दिसते, जाते गरम असते, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी आलेल्याला नकार द्यावा लागतो. कागदावर आठ हा आकडा असेल तर तो नकार तुमच्या स्वभावाचा राहत नाही.

१ जून ही तारीख खरी धरली तर या सगळ्याचा मिळून मजकूर असा होतो:

गिरणीच्या वेळेत बदल
सोमवार, १ जूनपासून

सकाळी ८.३० ते दुपारी १.३०
सायंकाळी ४.४५ ते रात्री ८.३०

दळण दुपारी १ आणि रात्री ८ वाजेपर्यंतच घेतले जाईल.
रविवारी गिरणी दुपारी १.३० नंतर बंद राहील.
मसाला कांडप फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी.

(गिरणीचे नाव, फोन)

हा मजकूर टाइप करताना काही गोष्टी हमखास बिघडतात. ‘जून पासुन’ हे दोन शब्द नाहीत, एकच आहे: जूनपासून. मराठीत शब्दयोगी अव्यय आणि विभक्तीचा प्रत्यय आधीच्या शब्दाला चिकटून येतो, म्हणून ‘गिरणी ची’ नव्हे, गिरणीची; ‘वाजे पर्यंत’ नव्हे, वाजेपर्यंत. फोनचा कीबोर्ड शब्द सुचवताना मध्ये आपणहून जागा सोडतो, ती मागे जाऊन पुसावी लागते. ‘पासून’मधला सू दीर्घ आहे. ‘राहील’मध्ये ही दीर्घ आहे, आणि ठाण्यातल्या दहा पाट्या पाहिल्या तर बऱ्याच ठिकाणी ‘राहिल’ दिसेल, तेव्हा पाहून शिकू नका. ‘बदली आहे’ हेही सुधारावे लागले असते. बदली नोकरदाराची होते, वेळ बदलते किंवा बदलली जाते. आपण मथळाच बदलल्यामुळे तो प्रश्न मिटला.

तास आणि मिनिटांमध्ये साधे टिंब द्या. दोन टिंबे द्यायला गेले की मराठी कीबोर्डवर विसर्ग उमटण्याचा धोका असतो, आणि ‘८ः३०’ हे दिसायला जवळपास तसेच असले तरी छापल्यावर टिंबांभोवतीची जागा विचित्र होते. ‘८.५’ असे मात्र कोणी लिहू नये. साडेआठसाठी काहीजण तसे लिहितात आणि ते आठ वाजून पाच मिनिटे असे वाचले जाते. सासऱ्यांची ‘॥’ खूणही छापील कागदावर नको. ती सुंदर आहे, पण वाचणारे आता थोडेच उरले आहेत.

साडेआठ, दीड, पावणेपाच हे शब्दांत का नाही लिहिले, असे तुमचे सासरे विचारतील. बोलण्यात तेच योग्य आहेत. पण कोपरीत मराठी घरांच्या शेजारी सिंधी, गुजराती, हिंदी बोलणारी घरे आहेत. देवनागरी त्यांना येते, आकडाही वाचता येतो, ‘पावणे’पाशी मात्र कोणी अडखळू शकते. आकडे देवनागरीच ठेवा. तुमच्या गिऱ्हाइकांत इंग्रजी आकडेच वाचणारे बरेच असतील तर सगळीकडे इंग्रजी करा. अर्धे हे, अर्धे ते असे करू नका, कारण देवनागरी १ शेजारी इंग्रजी 9 आला की वाचणारा गोंधळतो.

प्रत्येक वेळेच्या आधी सकाळी, दुपारी, सायंकाळी, रात्री हा शब्द हवा. ‘सकाळी ८.३० ते १.३०’ एवढे पुरेल असे वाटते, आणि इथे पुरेलही, पण दुसऱ्या ओळीत ‘सायंकाळी ४.४५ ते ८.३०’च्या शेजारी ते वाचले की दोन ८.३० समोरासमोर येतात. ‘रात्री’ लिहिले की ते दोन वेगळे होतात. पावणेपाचला ‘दुपारी’ म्हणायचे की ‘सायंकाळी’, यावर वाद घालता येईल. चिठ्ठीत सासऱ्यांनी ‘सं’ लिहिले आहे, गिऱ्हाइकेही ‘संध्याकाळी गिरणी उघडली का’ असेच विचारतात, तेव्हा सायंकाळीच ठेवा.

कागद आडवा धरा, ए-फोर. बाजूंना दोन-दोन सेंटीमीटर समास सोडला की वेळेची पूर्ण ओळ एका ओळीत ठळक बसते. फाँट Mukta किंवा Noto Sans Devanagari घ्या. दोन्ही फुकट मिळतात, दोन्हींत जोडाक्षरे नीट उमटतात, आणि अक्षरांना नखरे नाहीत. वेळेच्या दोन ओळी ५४ आकारात, मथळा ४० च्या आसपास, तारीख ३६, खालच्या तीन ओळी २४. मथळा वेळेपेक्षा लहान का? कारण रस्त्यावरून फक्त सर्वांत मोठी ओळ दिसते आणि तुम्हाला ती वेळ हवी आहे. ओळ मध्येच मोडून ‘दुपारी’ वर आणि ‘१.३०’ खाली जात असेल तर आकार दोन-चार अंकांनी कमी करा. आकडा त्याच्या शब्दापासून तुटता कामा नये. दोन ओळींत जागा इंग्रजीपेक्षा थोडी जास्त ठेवा. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना लागली की मजकूर दुरून गिचमिड दिसतो.

झेरॉक्सवाल्याकडे वर्डची फाइल नेऊ नका, पीडीएफ न्या. त्याच्या संगणकावर तुमचा फाँट नसेल तर संगणक दुसराच लावतो आणि जोडाक्षरे मोडतात. ‘पर्यंत’मधला रफार सुटून र पाय मोडलेला दिसतो, किंवा वेलांटी तुटून तिच्याशेजारी ठिपक्यांचे वर्तुळ येते. छापण्याआधी पडद्यावर ‘गिरणी’, ‘वाजेपर्यंत’, ‘रात्री’ आणि ‘शुक्रवारी’ हे चार शब्द पाहा. मोडायचे असेल तर याच शब्दांत मोडते. पीडीएफचा एक कागद काढून तो झेरॉक्स यंत्रावर १४१ टक्के मोठा करायला सांगा. ए-फोरचा बरोबर ए-थ्री होतो. वेळेच्या ओळी मग पंधरा फुटांवरून आरामात वाचता येतात. खात्री करायची तर शेजारच्या दुकानदाराला रस्त्याच्या पलीकडून वाचायला सांगा, आणि मजकूर माहीत नसलेल्या माणसालाच सांगा. तुम्हाला तर तो आता पाठ झाला आहे, तुम्ही पुसट अक्षरेही वाचाल.

पावसाचा प्रश्न शाईपासून सुरू होतो. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई बहुतेक वेळा पाण्याने पसरते. लेसर प्रिंटर आणि झेरॉक्सची काळी भुकटी कागदावर भाजून बसवलेली असते, ती पसरत नाही. कागदाच्या कोपऱ्यावर ओले बोट फिरवून पाहा, लगेच कळते. मग लॅमिनेशन करून घ्या, आणि प्लास्टिकची कड कागदाच्या बाहेर चारही बाजूंनी निदान अर्धा सेंटीमीटर राहू द्या. दुकानदार ती कड सुबक दिसावी म्हणून अगदी कागदालगत कापतो, आणि मग पहिल्याच सरीत पाणी कडेने आत शिरते, कागद फुगतो. खिळ्यासाठी भोक पाडायचे तेही त्या मोकळ्या कडेतच, म्हणजे ती वरच्या बाजूला थोडी रुंद ठेवायला सांगा. कागदाला भोक पडले की तिथून पाणी शिरते.

लावायचे कुठे? शटरवर लावू नका. शटर उघडे असते तेव्हा कागद वर गुंडाळला जातो आणि दोन दिवसांत चुरगळतो. शिवाय पन्हाळीसारख्या पत्र्यावर टेप धरत नाही. आत काउंटरवर लावला तर बंद गिरणीसमोर उभ्या माणसाला तो दिसत नाही, आणि वेळ जाणून घ्यायची गरज त्यालाच सर्वांत जास्त असते. शटरच्या बाजूचा खांब किंवा भिंत, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, छज्ज्याच्या आडोशाला: तिथे लावलेला कागद गिरणी उघडी असो वा बंद, दिसतो. दुसरी प्रत आत, वजनकाट्याजवळ. डबा काट्यावर चढतो तेवढ्या वेळात माणूस समोरचे सगळे वाचतो. रात्री त्या खांबावर उजेड पडतो का तेही पाहा.

घरोघरी दळण आठवड्याने किंवा पंधरवड्याने निघते. म्हणून आठ दिवस आधी कागद लावला तर निम्मे गिऱ्हाईक तो न पाहताच जूनमध्ये जुन्या वेळेला येईल. १७ मेच्या रविवारी लावा, म्हणजे पंधरा दिवस मिळतात. त्याच दिवशी जुनी वेळ जिथे जिथे लिहिली आहे ते सगळे एका कागदावर मांडून घ्या: शटरवरचा रंग, नावाच्या पाटीचा कोपरा, पिशव्यांवरचा शिक्का, व्हॉट्सॲपवरची दुकानाची माहिती, गूगल मॅप्सवरची नोंद. हे बदलायचे मात्र ३१ मेच्या रात्री, आधी नाही, नाहीतर मेमध्येच लोक नव्या वेळेला येतील. गूगल मॅप्सवर एका दिवसाला दोन वेगळे कालावधी भरता येतात, तेव्हा सकाळ आणि सायंकाळ वेगवेगळी भरा. ८.३० ते ८.३० असे सलग भरले की दुपारी तीनला कोणीतरी हमखास शटरसमोर उभे असेल. रविवारला फक्त सकाळचा कालावधी द्या.

‘सोमवार, १ जूनपासून’ ही ओळ जूनअखेरपर्यंत ठेवा. जुलैत ज्या फाइलवरून पीडीएफ केली ती उघडून मथळ्याच्या जागी ‘गिरणीची वेळ’ एवढेच लिहा, तारखेची ओळ काढा, मिळालेल्या जागेत वेळेचे आकडे ६० पर्यंत वाढवा आणि खांबावरचा कागद बदला. त्यासाठी मूळ फाइल फोनमध्ये जपून ठेवा, आणि सासऱ्यांच्या चिठ्ठीचा फोटोही तिच्याशेजारीच ठेवा. पुढच्या वेळी ते ‘५।’ लिहून पाठवतील, तेव्हा त्यांचा ४ कसा दिसतो हे ताडून पाहायला तो लागेल.